थोरल्या बंधूंचे सोने आणि मेहुण्यांचे सोने

वाचकाचे पत्र: "माझे वय 52. तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. वाटणीला आलेली जमीन विकून मिळालेले 30 लाख रुपये सध्या मुदत ठेवीत आहेत. मोठी मंदी येणार आणि महागाईही वाढणार, असे जो तो सांगतो. दोन वर्षांनी मुलीचे लग्न करायचे आहे. थोरले बंधू म्हणतात, वाईट काळात सोने कधी पडत नाही, सगळी ठेव मोड आणि सोने घेऊन टाक. विट्याचे मेहुणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. ते म्हणतात, 2008 च्या मंदीत भाव कोसळलेला मी स्वतः पाहिला आहे, घाई करू नका. मी कोणाचे ऐकू?"

तुमचे बंधू खोटे बोलत नाहीत आणि मेहुणेही नाहीत. अडचण आहे ती "वाईट काळ" या शब्दांत. धंदा बसलेला, हाताला काम नाही आणि तरीही डाळ, डिझेल, खत रोज महाग होत आहे, हा एक वाईट काळ. अर्थशास्त्रात त्याला स्टॅगफ्लेशन म्हणतात; आपण त्याला मंदीतली महागाई म्हणू. धंदा बसलेला आहे आणि मालाला गिऱ्हाईकच नसल्याने भावही घसरत चालले आहेत, रोकड कोणाकडेच नाही, हा दुसरा वाईट काळ. ही खोल मंदी. "मंदी येणार आणि महागाईही" हे तुम्ही एका दमात लिहिले आहे, पण खोल मंदी बहुतेक वेळा महागाईचा कणा मोडते. यांपैकी कोणता काळ येतो, त्यावर सोन्याची वागणूक पुष्कळशी ठरते.

कारण तसे साधे आहे. सोन्याला व्याज नसते. तिजोरीतले दहा तोळे दहा वर्षांनीही दहाच तोळे राहतात. त्यामुळे सोने बाळगण्याची खरी किंमत म्हणजे तेच पैसे ठेवीत असते तर महागाई वजा जाता जे हाती उरले असते ते. ठेवीला 7 टक्के व्याज आणि महागाई 4 टक्के असेल, तर ठेवीदाराला खरोखरचे 3 टक्के सुटतात आणि सोने बाळगणारा तेवढ्याला मुकतो. व्याज तेच 7 आणि महागाई 10 झाली, तर ठेव दरवर्षी 3 टक्क्यांनी झिजते. मग व्याज न देणारे सोनेही तिच्यापेक्षा बरे वाटू लागते. मंदीतल्या महागाईत मध्यवर्ती बँकेची नेमकी कोंडी होते. महागाई मारायला व्याज वाढवावे तर आधीच आजारी असलेले कारखाने बंद पडतात, म्हणून ती हात आखडता घेते, व्याज महागाईच्या मागे पडते आणि सोने चढते. बंधूंचे म्हणणे या काळाला लागू पडते.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते तिथलेच घ्यावे लागते, कारण सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. अमेरिकेत मंदी सुरू झाली, शेअर बाजार जवळजवळ अर्ध्यावर आला, तरीही 1974 मध्ये महागाई 11 ते 12 टक्क्यांवर होती. 1972 अखेरीस औंसाला सुमारे 65 डॉलर असलेले सोने 1974 अखेरीस 187 च्या आसपास पोहोचले, म्हणजे मंदी चालू असतानाच जवळजवळ तिप्पट झाले. (एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आपले तीन तोळे आणि वर थोडे.)

बंधू हे उदाहरण सांगतील तेव्हा त्यांना दोन गोष्टी विचारा. पहिली ही की, 15 ऑगस्ट 1971 पर्यंत सोन्याचा सरकारी भाव 35 डॉलरला बांधलेला होता. त्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि अनेक वर्षे दाबून धरलेली स्प्रिंग सुटली. त्या दशकातल्या वाढीत महागाईचा वाटा किती आणि या स्प्रिंगचा किती, हे वेगळे काढता येत नाही. आणि ती स्प्रिंग पुन्हा तशी सुटणार नाही, कारण ती आता दाबलेलीच नाही. दुसरी गोष्ट लोक सहसा विसरतात. 1975 आणि 1976 मध्ये अमेरिकेत बेकारी 7 टक्क्यांच्या वरच होती, पण महागाई 12 वरून 6 टक्क्यांखाली आली. एवढ्यानेच ऑगस्ट 1976 पर्यंत सोने 103 डॉलरपर्यंत उतरले. ज्याने 1974 च्या शेवटी वरच्या भावाने घेतले, त्याचे जवळजवळ निम्मे पैसे गेले, तेही सोन्याचे सुवर्णयुग मानल्या जाणाऱ्या दशकात. पुढे महागाई पुन्हा उसळली आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरला टेकला, ते खरे. पण मधल्या दीड वर्षात ज्याच्या घरी लग्न होते, त्याला 1980 चा काय उपयोग?

आता त्याच देशातली पुढची मंदी पाहा. 1979 च्या ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती कोंडी सरळ फोडली: उद्योग बसले तरी चालतील, महागाई मोडायची. 1981 मध्ये अल्पमुदतीचे व्याज 19 टक्क्यांपर्यंत गेले, महागाई तेव्हा 10 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे नुसते पैसे ठेवून महागाईच्या वर आठ-नऊ टक्के सुटत होते. मग सोने कोण धरून ठेवील? मंदी इतकी खोल गेली की 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्के झाली, आणि सोने 850 वरून जून 1982 मध्ये 300 डॉलरच्या आसपास येऊन बसले. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत फेडरल रिझर्व्हने व्याज सैल करायला घेतले आणि सोने 400 च्या वर उडाले. मंदी तीच, बेकारी तर आणखी वाढत होती. बदलले होते ते मुख्यतः व्याज. मला वाटते, दोन्ही काळांतला फरक समजण्यासाठी हे एक उन्हाळ्याचे प्रकरण पुरेसे आहे.

मेहुण्यांनी पाहिलेले 2008 हे तिसऱ्या तऱ्हेचे आहे आणि ते मलाही चांगले आठवते. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. धनत्रयोदशीला मी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर पत्नीसाठी एक वेढणे घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या एका बाजूला मुहूर्ताचे गिऱ्हाईक होते आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ रुमालात बांधलेल्या पाटल्या काट्यावर ठेवत होते. सराफाने कसोटीच्या दगडावर घास ओढला, तेजाबाचा थेंब सोडला आणि भाव सांगितला. ते गृहस्थ म्हणाले, "उन्हाळ्यात तर जास्त होता." सराफ म्हणाला, "अमेरिकेत विकायला लागलेत." तो बरोबर बोलत होता. मार्च 2008 मध्ये सोने 1,011 डॉलरपर्यंत गेले होते, आणि दिवाळीच्या त्याच आठवड्याच्या तोंडावर, 24 ऑक्टोबरला, ते 712 डॉलरला आले. सात महिन्यांत 30 टक्के घसरण.

सर्वांत भीतीच्या महिन्यातच सोने का पडले? कर्ज काढून शेअर, तेल, तांबे घेतलेल्या मोठ्या फंडांना तोटा भरून देण्यासाठी त्याच दिवशी रोकड हवी होती. घसरलेले शेअर विकून पुरेसे पैसे येत नव्हते, म्हणून जे लगेच आणि बऱ्या भावाने विकले जाईल ते त्यांनी विकले, आणि ते सोने होते. शिवाय तेल जुलैतल्या 147 डॉलरवरून डिसेंबरपर्यंत 40 च्याही खाली आले. महागाईची भीतीच विरली, त्यामुळे महागाई वजा जाता उरणारे व्याज अमेरिकेत काही आठवडे अचानक वाढले. हा रोकडीचा दुष्काळ संपल्यावर, डिसेंबरात फेडरल रिझर्व्हने व्याज शून्याजवळ आणून नोटांचा पाट सोडल्यावर, सोने फिरले. फेब्रुवारी 2009 मध्ये ते पुन्हा हजार डॉलरला टेकले आणि 2011 च्या सप्टेंबरात 1,900 च्या घरात पोहोचले. मार्च 2020 मध्ये हाच प्रकार लहान प्रमाणावर झाला: दहा-बारा दिवसांत सुमारे 12 टक्के खाली, आणि ऑगस्टपर्यंत दोन हजार डॉलरच्या वर. तेव्हा खोल मंदीत सोने आधी पडते आणि मग चढते, हे चढणे व्याज खाली येण्यावर अवलंबून असते, आणि व्याज उलट वर नेले गेले तर 1982 होते.

मेहुण्यांना मात्र एक हिशेब करून दाखवा. मार्च 2008 मध्ये डॉलर सुमारे 40 रुपयांना होता. 1,011 डॉलर गुणिले 40, भागिले 3.11, म्हणजे तोळ्याला सुमारे 13,000 रुपये झाले. (आजचा तोळा 10 ग्रॅमचा धरला आहे, कर आणि आयात शुल्क सोडले आहे.) ऑक्टोबरात डॉलर 50 रुपयांच्या आसपास गेला होता. 712 गुणिले 50, भागिले 3.11, म्हणजे सुमारे 11,450. डॉलरमध्ये 30 टक्के पडलेले सोने रुपयात 12 टक्केच पडले. संकट आले की परदेशी पैसा आपल्याकडून निघून जातो, रुपया घसरतो आणि ती घसरण सोन्याखाली गादीसारखी पसरते. मंदीतली महागाई तेलातून आली असेल तर गादी आणखी जाड होते, कारण तेल आपण आयात करतो आणि रुपयावर दुहेरी ताण येतो. पण ही गादी सरकार कधीही काढून घेऊ शकते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आले, तेव्हा जगात फारसे काही घडलेले नसताना आपल्याकडे तोळ्यामागे चार हजारांहून अधिक रुपये काही दिवसांत उतरले.

या सगळ्या विवेचनाला एक मर्यादाही आहे. 2022 पासून महागाई वजा जाता उरणारे अमेरिकेतले व्याज उणेतून दोन टक्क्यांपर्यंत चढले, तेव्हा जुन्या नियमाप्रमाणे सोने पडून राहायला हवे होते, पण काही महिने उतरून ते पुन्हा चढले. त्या वर्षी फेब्रुवारीत रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेली, आणि डॉलरमधली ठेव आपलीही अशीच अडकू शकते, हे अनेक देशांच्या लक्षात आले. 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले. एवढा मोठा गिऱ्हाईक बाजारात असताना व्याजाचा लगाम ढिला पडतो. हा गिऱ्हाईक उद्या थांबला, तर लगाम पुन्हा ताणला जाईल.

कोणता काळ येतो आहे, हे आधी ओळखता येईल का? पक्के कोणालाच येत नाही, पण आल्यावर लवकर ओळखता येते. कच्चे तेल आणि तांबे एकत्र घसरू लागले, डॉलर वधारू लागला, आणि बाजार समितीत मालाला बोलीच येईना, तर ती रोकड आटण्याची चिन्हे आहेत. तेव्हा सोने घाईने घेऊ नये, आणि असलेले भिऊन विकू नये. उलट कारखान्यांत कपात चालू असताना तेल चढेच आहे, आणि दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास जाहीर होणारा किरकोळ महागाईचा आकडा तुमच्या ठेवीच्या व्याजाच्या वर सरकला आहे, असे सलग काही महिने दिसले, तर बंधूंचा काळ आला असे समजा. आज तुमच्या ठेव पावतीवरचा दर आणि महागाईचा ताजा आकडा एका कागदावर शेजारी लिहा. ती वजाबाकी उणे येत नसेल, तर ठेव मोडण्याच्या घाईचे मुख्य कारणच उरत नाही.

पण तुमच्या पत्रात मला भावापेक्षा बागेची काळजी जास्त वाटते, कारण तुमच्या मिळकतीलाही हे दोन काळ वेगवेगळे लागतात. मंदीतल्या महागाईत खते, औषधे, डिझेल, मजुरी वाढते. बेदाण्याला भाव मिळतो, पण मागून मिळतो. खोल मंदीत बेदाणा शीतगृहात पडून राहतो, आणि नेमका त्याच महिन्यांत सोन्याचाही भाव पडलेला असतो. सगळी ठेव सोन्यात घातलेला बागायतदार तेव्हा छाटणीच्या मजुरीसाठी पडत्या भावात सोने मोडतो. 1931 नंतर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीलाही रोकडीसाठी असेच सोने मोडावे लागले. त्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, रुपया पौंडाला बांधलेला होता, आणि 1927 च्या कायद्याने तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै ठरलेले सोने इथे महाग होत गेले. पण शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते, शेतसारा आणि सावकार मात्र रोखीनेच मागत होते. घराघरांतले दागिने वितळून मुंबई बंदरातून बोटींनी बाहेर गेले. भाव चढत असतानाही त्यांना सोने ठेवता आले नाही, कारण घरात रोकड नव्हती.

म्हणून तुमच्या 30 लाखांची वाटणी मी पैसा कधी लागणार, यावरून करीन. बागेचा एका वर्षाचा पूर्ण खर्च, समजा 12 लाख, ठेवीतच राहू द्या. एका पावतीऐवजी तीन-तीन महिन्यांनी मुदत संपणाऱ्या चार पावत्या करा, म्हणजे मोडण्याचा दंड पडणार नाही. कार्यालय, जेवण, मानपान यांचा खर्च, समजा 8 लाख, हाही लग्नाच्या तारखेआधी संपणाऱ्या ठेवीत असावा; दोन वर्षांनी नक्की लागणारा पैसा 1975 सारख्या घसरणीत सापडू देऊ नये. उरलेल्या 10 लाखांत लग्नाचे सोने आधी धरा. ते सोने तुम्हाला घ्यायचेच आहे, त्यामुळे तिथे धोका उलटा आहे: भाव चढला तर तुमचे नुकसान. ते नाण्यांच्या रूपात दर तीन महिन्यांनी थोडे, असे आठ हप्त्यांत घ्या, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही वाट्याला येऊन मधला भाव पडेल. त्यातून उरेल तेवढेच गुंतवणुकीचे सोने, आणि तेही हप्त्यानेच. पीककर्ज असेल, तर त्याची परतफेड थकवून सोने घेऊ नका, कारण वेळेत फेडल्यावर मिळणारी व्याजसवलत हातची जाते.

रूपाबद्दल एवढे लक्षात असू द्या की, दागिना म्हणजे गुंतवणूक धरायची नाही. 100 रुपयांच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी धरला, तर तुम्ही सुमारे 115 रुपये देता, आणि मोडायला गेल्यावर हाती येतात ते सोन्याचे, त्यातही घट वजा जाऊन. सोने 15 टक्के वाढले तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत. गुंतवणुकीचा भाग 24 कॅरेटच्या नाण्यांत घ्या; डीमॅट खाते असेल तर गोल्ड ईटीएफमध्ये घ्या, तिथे घडणावळही नाही आणि तिजोरीही नको. लग्नाचे दागिने मात्र लग्नाच्या आधी सहा महिन्यांत, हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक असलेलेच करून घ्या, आणि नाण्यांच्या बदल्यात दागिने करून देताना सराफ किती वजावट धरतो, हे पहिला हप्ता घेण्याआधीच विचारून लिहून घ्या. या कामी मेहुण्यांना बरोबर न्या. मूस आणि टंच यांत आयुष्य गेलेल्या माणसासमोर वजावट सांगताना सराफही जपून बोलतो.